प्रोजेक्ट अर्ध्यात अडकला. सोमवारी टीमसमोर चार मिनिटं काय बोलावं?

प्रश्न: नाशिकच्या अंबडला स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वॉटर पंपाच्या ॲल्युमिनियम हाऊसिंगसाठी सहा स्टेशनची लाइन बनवतोय. गेल्या गुरुवारी ग्राहकाने आमच्याच शॉपवर ट्रायल घेतली आणि लाइन नापास केली. वॉशिंगमधून गरम आलेल्या हाऊसिंगवर लीक टेस्टची रीडिंग हलतात, आणि सायकल टाइम ३० सेकंदांऐवजी ३९ येतो. २९ ऑगस्टचं डिस्पॅच १७ ऑक्टोबरवर गेलं. आता कूलिंग स्टेशन टाकायचं आणि टेस्टसाठी पार्ट बसवायची दोन नेस्ट करायची असं ठरलंय. सव्वीस जणांची टीम पार खचलीय. सगळे लीक टेस्टच्या डिझायनरकडे बोट दाखवतायत, दोघं नोकरी शोधतायत असं कानावर आलंय. मालक म्हणाले, सोमवारी सकाळी सगळ्यांना गोळा कर आणि दोन शब्द बोल. मला भाषण जमत नाही. काय बोलू?

उत्तर:

भाषण जमत नाही हे बरंच आहे. ज्यांना जमतं ते अशा वेळी पंधरा मिनिटं बोलतात, आणि लोक चहाला जाताना एकमेकांना विचारतात, "म्हणजे नेमकं काय ठरलं?" मी सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या शॉपवर असे बरेच सोमवार पाहिलेत, काही वेळा बोलणारा म्हणून, बऱ्याचदा मागे उभं राहून ऐकणारा म्हणून. माणसं खचतात ती काम वाढलं म्हणून क्वचितच. फिटरला जास्तीचं काम नवीन नसतं. त्याच्या डोक्यात गुरुवारपासून तीन गोष्टी फिरत असतात. खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार? चार महिने केलेलं काम भंगारात गेलं का? आणि उद्या सकाळी आल्यावर मी नक्की काय हातात घ्यायचं? तुमच्या चार मिनिटांत या तिन्हींची खरी उत्तरं मिळाली, तर उत्साह वाढवण्यासाठी वेगळं काही बोलावं लागत नाही. ती मिळाली नाहीत, तर कितीही जोशात बोला, दुपारपर्यंत उतरतं.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या बोलून टाकतो. नवा प्लॅन ठरलाय असं तुम्ही लिहिलंय. तो ग्राहकाने लेखी मान्य केलाय की फक्त फोनवर 'करा' म्हटलंय, याने तुमची भाषा बदलते. लेखी असेल तर १७ ऑक्टोबर ठामपणे सांगा. नसेल तर 'आपण १७ ऑक्टोबर धरून चाललोय, ग्राहकाचा मेल यायचाय' असं स्पष्ट म्हणा. पगार थकलेले असतील, तर सोमवारी भाषण करूच नका, आधी पगार करा. आणि चूक खरोखर कोणाच्या ढिलाईची असेल, म्हणजे सांगूनही ड्रॉइंग तपासलं नाही वगैरे, तर ती गोष्ट केबिनमध्ये, त्या एकाच माणसाशी. तुमच्या वर्णनावरून मात्र इथे तसं दिसत नाही. का, ते पुढे येईल.

खरं काम रविवार संध्याकाळपर्यंतचं आहे. सोमवारच्या बोलण्यात जी वचनं येतील ती आधी मालकांकडून पक्की करून घ्या. मुख्य दोन: ओव्हरटाइमचे पैसे आणि रजा. सात आठवडे म्हणजे मध्ये गणपती येतो. कोकणात किंवा खानदेशात गावी जाणाऱ्यांनी रजा आधीच टाकलेल्या असतील, आणि गुरुवारपासून प्रत्येक जण मनात धरून चाललाय की आता रजा रद्द. त्या रजा तशाच ठेवायच्या की नाही, हे मालकांशी बसून ठरवा, आणि ठेवायच्या असतील तर ते दिवस प्लॅनमधून वजा करा. मी असतो तर ठेवल्या असत्या. गणपतीत जबरदस्तीने थांबवलेला माणूस मशीनपाशी उभा असतो, काम करत नसतो.

त्यानंतर तीन जणांना एकेकटं भेटा. पहिला अर्थातच लीक टेस्टचा डिझायनर. त्याला तुम्ही सोमवारी काय बोलणार ते शब्दशः सांगा, म्हणजे त्याला सगळ्यांदेखत धक्का बसणार नाही. दुसरा तुमचा शॉप फोरमन, कारण तुमच्यानंतर तासाभराने सगळे खरं काय ते त्यालाच विचारणार आहेत, आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर तुमचं खोटं ठरतं. तिसरा, नोकरी शोधणाऱ्या दोघांपैकी जो कामाने वजनदार आहे तो. त्याला थांब म्हणू नका. नवा प्लॅन दाखवा आणि विचारा, यात कच्चं काय दिसतं? जाणारा असला तरी त्याचं मत खरं असतं, कारण त्याला कोणाला खूश करायचं नसतं. त्याने काढलेला एखादा दोष दुरुस्त करून सोमवारी प्लॅनमध्ये घातलात, तर तो आपोआप त्या प्लॅनचा एक मालक होतो.

जागा म्हणाल तर कॉन्फरन्स रूम नको, लाइनपाशीच उभं राहा, लीक टेस्ट स्टेशनच्या बाजूला. ज्या वस्तूबद्दल बोलायचं ती समोर हवी, हात लावून दाखवता आली पाहिजे. वेळ शिफ्ट सुरू झाल्यावर लगेच, पहिल्या चहाच्या आधी. कंप्रेसर बंद करायला सांगा. हे क्षुल्लक वाटेल, पण कंप्रेसर चालू असताना मागच्या रांगेला निम्मं ऐकू जात नाही, आणि मागच्या रांगेतच ठेकेदाराची पोरं उभी असतात. त्यात उत्तरेकडची मुलं असतील तर शेवटच्या चार ओळी हिंदीतही सांगा. मालकांनी हजर राहावं, पण एका बाजूला, आणि बोलू नये. ते बोलले की तुमचे शब्द निरोप्याचे होतात.

आता मजकूर. तुमच्याच केसवर लिहून देतो. साधारण चार मिनिटं होतात, थांबत बोललात तर पाच. पाठ करू नका, तारखा आणि आकडे एका कागदावर हातात ठेवा. कागद बघून बोललेलं लोकांना चालतं, तारीख चुकलेली चालत नाही.

"मंडळी, गुरुवारी ट्रायल नापास झाली. ग्राहकाने लाइन घेतली नाही. आपलं २९ ऑगस्टचं डिस्पॅच आता १७ ऑक्टोबरला आहे. तुकड्या-तुकड्याने तुम्ही ऐकलंच असेल, आज पूर्ण सांगतो.

"का नापास झाली? हाऊसिंग वॉशिंगमधून गरम निघते आणि तशीच या स्टेशनवर येते. टेस्टमध्ये आपण आत हवा भरतो, कोंडतो आणि दाब किती पडतो ते बघतो. पार्ट गरम असला की आतल्या हवेचं तापमान बदलत राहतं, त्यामुळे दाब हलतो, आणि मीटरला ते गळतीसारखं दिसतं. डिझाइनच्या वेळी ग्राहकाकडून आलेले नमुने गार होते. लाइनवर पार्ट किती गरम येईल, हा प्रश्न डिझाइन रिव्ह्यूमध्ये विचारायला हवा होता. तो रिव्ह्यू मी घेतला आणि सही माझी आहे. ग्राहकालाही मी हेच लिहून दिलंय. यावर कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर ते माझ्याशी बोला.

"सहापैकी पाच स्टेशनं ग्राहकाने पास केलीत. लोडिंग, डिबरिंग, वॉशिंग, मार्किंग, अनलोडिंग, यातल्या एकाही ड्रॉइंगला हात लागणार नाही. वॉशिंगनंतरचा सगळा भाग फक्त पुढे सरकणार. या स्टेशनचं क्लॅम्पिंग आणि सील चांगलं चाललंय, दुसरं नेस्ट त्याच ड्रॉइंगवरून बनणार आहे.

"पुढे काय. वॉशिंगनंतर एक कूलिंग स्टेशन येईल, आणि इथे एकाऐवजी दोन नेस्ट. आज एका पार्टला ३९ सेकंद लागतात. दोन नेस्ट आळीपाळीने चालली तर दर साडेएकोणीस सेकंदांना एक पार्ट बाहेर पडेल. ग्राहकाला ३० हवेत. म्हणजे रीडिंग स्थिरावायला आणखी दहा सेकंद दिले तरी आपण साडेचोवीसवर आहोत.

"तुम्ही सगळ्यांनी एकच तारीख धरा, २२ ऑगस्ट. त्या दिवशी इथे टेबलावर एक नेस्ट आणि कूलिंगचा एक ब्लोअर लावून एकच चांगली हाऊसिंग पुन्हा पुन्हा गरम करून पंचवीस वेळा टेस्ट करायची. रीडिंग एका जागी राहिलं तर पुढचं पोलाद कापायचं. तोपर्यंत दुसऱ्या नेस्टचं मशीनिंग सुरू होणार नाही.

"ओव्हरटाइम लागेल, सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. नियमाप्रमाणे दुप्पट दराने आणि त्याच महिन्याच्या पगारात. गणपतीच्या मंजूर रजा तशाच राहतील, त्या धरूनच तारीख काढलीय.

"एक गोष्ट मला अजून माहीत नाही. उशिराबद्दल ग्राहक दंड लावणार का, ते शुक्रवारच्या मीटिंगनंतर कळेल. शनिवारी सकाळी इथेच सांगतो.

"आजचं काम: टूल रूमने टेबलाची फ्रेम घ्यायची. इलेक्ट्रिकलने टेस्ट युनिट लाइनवरून काढून टेबलावर जोडायचं. खरेदीने ब्लोअरची तीन कोटेशन चार वाजेपर्यंत आणायची. बाकीच्यांचं काम फोरमनकडे लिहून दिलंय. आता विचारा."

एवढंच. यात प्रेरणादायी असं एकही वाक्य नाही, आणि मुद्दाम नाही.

यातला सर्वात महत्त्वाचा भाग कारणाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. लोक डिझायनरकडे बोट दाखवतात ते वाईट असतात म्हणून नाही. नापास स्टेशन त्याचं आहे, एवढंच त्यांना दिसतं. कारणच नीट सांगितलं की बोट आपोआप खाली येतं. इथे आकडा तुमच्या बाजूने आहे. समजा टेस्ट प्रेशर २ बार आहे. वातावरणाचा धरून ते ३ बार होतं. बंद जागेतल्या हवेचं तापमान एका अंशाने बदललं की दाब सुमारे तीनशेव्या भागाने बदलतो, म्हणजे साधारण १००० पास्कल. आणि अशा पार्टमध्ये आपण जी गळती शोधतो, ती बहुतेक वेळा काही दहा पास्कलच्या घरातली असते. मग पन्नास-साठ अंशांच्या पार्टवर कोणी कितीही उत्तम सील बनवलं असतं तरी रीडिंग स्थिर राहिलं नसतं. हा हिशेब भाषणात सांगू नका, पण कोणी विचारलं तर तिथेच खडूने लिहून दाखवा. शॉपवरच्या माणसाला हिशेब पटतो. त्या डिझायनरच्या बाजूने दहा मिनिटं बोलून जे होणार नाही ते या चार ओळींनी होतं.

पण म्हणून 'कोणाचीच चूक नाही' असंही म्हणू नका. ते कोणाला पटत नाही. एवढा मोठा फटका बसला आणि कोणीच जबाबदार नाही म्हटलं, की लोक आपापला आरोपी शोधतात. जबाबदारी कुठेतरी टेकली पाहिजे, आणि ती रिव्ह्यू घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर टेकणं सगळ्यात स्वस्त पडतं. रिव्ह्यू तुम्ही घेतला नसेल तर हे वाक्य उसनं घेऊ नका. मग ज्यांनी घेतला त्यांच्याशी आधी बोला, आणि "रिव्ह्यूत हा प्रश्न आला नाही" इतकंच म्हणा. खोटा मोठेपणा लगेच ओळखू येतो.

पाच स्टेशनं पास आहेत हे वाक्यही नुसतं दिलासा म्हणून टाकू नका. नाव घेऊन सांगा आणि काय होणार ते सांगा: ड्रॉइंगला हात लागणार नाही. 'आपलं बरंच काम चांगलं झालंय' असं मोघम बोललात तर डिबरिंगवाल्याला ते स्वतःबद्दल वाटत नाही. आणि इथे काळजी घ्या, की खरंच हात लागणार नाही. कूलिंग स्टेशन मध्ये घुसवलं की वॉशिंगच्या आउटलेटचा कन्व्हेयर बदलावा लागेल का, मार्किंग आणि अनलोडिंग पुढे सरकवायला जागा आहे का, लाइनची एकूण लांबी ग्राहकाच्या लेआउटमध्ये बसते का, हे रविवारीच टेप लावून बघा. सोमवारी 'नाही' म्हणून बुधवारी 'थोडं बदलावं लागेल' झालं, तर बाकीचं सगळं भाषण त्याच्याबरोबर वाहून जातं.

तिसरी गोष्ट ती २२ ऑगस्टची तारीख. ऑक्टोबरातलं डिस्पॅच माणसाच्या हाताला लागत नाही. दोन आठवड्यांतली टेबलावरची ट्रायल लागते. शिवाय ही ट्रायल खरोखर काही सिद्ध करणारी आहे. नव्या प्लॅनचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, की पार्ट गार केला आणि थोडा जास्त वेळ दिला तर रीडिंग स्थिरावतं. ते खरं ठरायच्या आधी दुसऱ्या नेस्टचं मशीनिंग सुरू केलंत, तर टीमला वाटेल की पुन्हा घाई चाललीय, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकणार नाही. 'तोपर्यंत पोलाद कापायचं नाही' हे वाक्य अनुभवी माणसांना धीर देतं, कारण गेल्या वेळी काय राहून गेलं ते साहेबाला कळलंय, हे त्यात दिसतं. एक बारीक गोष्ट: पंचवीस रीडिंग चांगल्या पार्टची घ्या, तशीच ज्ञात गळतीचा मास्टर जोडूनही घ्या. नुसतं स्थिर रीडिंग पुरेसं नाही, गळका पार्ट पकडला गेला पाहिजे. पुढे ग्राहक गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातच किती चढउतार होतो त्याची तपासणी, मागेलच. तिथे १० टक्क्यांच्या खाली उत्तम, ३० च्या वर नापास, आणि मधल्या पट्ट्यात ग्राहकाची मर्जी. टेबलावरच याचा अंदाज आला तर १० ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा ट्रायल घ्यायला बोलावताना पोटात गोळा येणार नाही.

न माहीत असलेली गोष्ट सांगायची आणि कधी कळेल तो दिवस सांगायचा, हे मी फार कमी लोकांना करताना पाहिलंय. दंडाबद्दल काहीच बोलला नाहीत तर दंड लागलाच असं धरलं जातं, आणि मग बोनस गेला इथपर्यंत गाडी दोन दिवसांत पोचते. शनिवारी काहीही कळलं नसलं तरी शनिवारी उभं राहून 'अजून कळलं नाही' हे सांगायचंच.

काय टाळायचं ते थोडक्यात. 'हे अपयश नाही, संधी आहे' हे नको. सात आठवडे जादा राबणाऱ्याला संधी कसली? 'आपण एक कुटुंब आहोत' नको, विशेषतः ठेकेदाराची माणसं समोर असताना, ज्यांना दिवाळीचा डबाही वेगळा मिळतो. क्रिकेट नको. एसएलव्ही-३ ची गोष्ट तर नकोच. १९७९ मध्ये ते यान समुद्रात पडलं तेव्हा पत्रकारांसमोर तेव्हाचे इस्रो प्रमुख सतीश धवन स्वतः गेले, आणि १९८० मध्ये यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं, हे कलामांनी ठिकठिकाणी सांगितलंय आणि तुमच्या टीममधल्या निम्म्यांना पाठ आहे. सांगण्यापेक्षा ते करा: या सात आठवड्यांत ग्राहकाचा प्रत्येक चिडका फोन तुम्ही घ्या, डिझायनरला जोडून देऊ नका. आणि सोमवारी मिसळही नको. मालकांना प्रेमाने वाटेल की सगळ्यांना मिसळ मागवू. नापास झाल्यावर आलेली मिसळ सांत्वनासारखी लागते. २२ तारखेच्या ट्रायलनंतर मागवा, तीच मिसळ चवीला वेगळी लागेल.

आता प्रश्न. पहिलं मिनिट शांतता असेल. ती भरून काढू नका, मनात वीसपर्यंत मोजा. फोरमनला आधी सांगून ठेवलं असेल तर तो एक साधा प्रश्न विचारेल आणि वाट मोकळी होईल. मात्र प्रश्न ठरवून देऊ नका, 'तुम्हाला खरंच जे विचारायचंय ते विचारा' इतकंच सांगा. येणारे प्रश्न बहुतेक पैसे, रजा आणि रविवारी यायचं का, याचे असतील. एखादा जुना मशिनिस्ट विचारेल, "साहेब, टेस्ट वॉशिंगच्या आधीच घेतली तर? पार्ट गारच असतो." हा प्रश्न येईलच असं धरा, कारण तो चांगला आहे. उत्तर असं, की वॉशिंगच्या आधी पार्टच्या बारीक भोकांत कूलंट आणि धातूचे बारीक कण अडकलेले असतात, ते गळती तात्पुरती बुजवतात, आणि गळका पार्ट पास होऊन जातो. हे उत्तर तुम्ही नीट दिलंत आणि वर "हा पर्याय आम्ही बघितला होता, चांगला विचार आहे" म्हणालात, तर पुढचे दोन आठवडे लोक डोकं लावत राहतील. 'ते डिझाइनवाले बघतील' म्हणालात तर कोणी तोंड उघडणार नाही.

कोणी चिडून बोललं, 'चार महिने आम्ही सांगत होतो, कोणी ऐकलं नाही', तर वाद घालू नका आणि लगेच माफीही मागू नका. "नक्की काय सांगितलं होतं, कधी?" असं विचारा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या. अर्ध्या वेळा त्यात खरंच काहीतरी असतं. सिन्नरच्या एका कामात असंच चिडलेल्या वायरमनने सांगितलेलं सेन्सरचं माउंटिंग पुढे आमच्या कामी आलं. उरलेल्या अर्ध्या वेळा त्याला नुसतं कोणीतरी लिहून घेतलेलं हवं असतं.

दहा मिनिटांत प्रश्न आटपले की 'चला, कामाला लागा' म्हणून टाळ्या वाजवू नका. स्वतः टूल रूमकडे चालू लागा. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही केबिनमध्ये परत गेलात, तर लोकही आपापल्या कोपऱ्यात परत जातात.

बोलणं लागू पडलं की नाही, हे मंगळवारी-बुधवारी कळतं. चेहरे बघू नका, त्यावरून काही समजत नाही. तीन खुणा बघा. एक, लोक तुम्हाला किंवा फोरमनला 'कधी', 'कोण' असे प्रश्न विचारतात की 'काय होणार' असे. 'ब्लोअर कधी येतोय?' हा चांगला प्रश्न आहे. 'खरंच होईल का हो हे?' असा प्रश्न तिघा-चौघांनी वेगवेगळा विचारला, तर प्लॅन त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही, पुन्हा समोरासमोर बसावं लागेल. दोन, डिझायनर टेबलापाशी उभा आहे की स्क्रीनमागे लपलाय, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी कोण बसतं. तीन, आजारपणाच्या रजा. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त डोकी दुखायला लागली, तर कुठेतरी मुलाखती चालल्यात.

एक साधा फळा लाइनच्या तोंडाशी लावा. त्यावर फक्त तीन ओळी: २२ ऑगस्ट टेबल ट्रायल, २६ सप्टेंबर दोन्ही नेस्ट लाइनवर, १० ऑक्टोबर ग्राहकाची ट्रायल. रोज सकाळी पहिल्या ओळीखाली काय अडलंय ते कोणीतरी एकाने खडूने लिहायचं. तो 'कोणीतरी' तुम्ही नसलात तर उत्तम. रोज एका विभागाला द्या. गँट चार्ट तुमच्या लॅपटॉपवर राहू दे, तो शॉपवर लावला की लोक फक्त स्वतःची पट्टी लाल आहे का, एवढंच बघतात.

जाऊ पाहणाऱ्या दोघांबद्दल: भाषणाने ते थांबतील असं धरू नका. चांगली ऑफर हातात असेल तर जातील आणि ते ठीक आहे. पण कोण कधी जाऊ शकतो ते गृहीत धरून पीएलसी प्रोग्रॅमचा बॅकअप, सेटिंगच्या नोंदी आणि ड्रॉइंगच्या शेवटच्या आवृत्त्या याच आठवड्यात एका जागी आणा. हे सगळ्यांकडूनच घ्या, त्या दोघांकडूनच मागितलंत तर बोभाटा होईल.

आणि सोमवारी सकाळी बोलायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःपाशी तयार ठेवा, कारण कोणीतरी तो विचारेलच: २२ तारखेला टेबलावरही रीडिंग हललं तर? तुमच्या केसमध्ये मला दोन वाटा दिसतात. कूलिंगचा वेळ वाढवायचा आणि गरज पडली तर गार करायला दोन-चार पार्टांचा बफर ठेवायचा. किंवा टेस्ट युनिट बनवणाऱ्या कंपनीचा ॲप्लिकेशन इंजिनिअर बोलावून टेम्परेचर कॉम्पेन्सेशन त्यांच्याकडूनच लावून घ्यायचं. दुसऱ्या वाटेसाठी त्यांची व्हिजिट आजच बुक करा, २२ नंतर फोन केलात तर तारीख मिळायला आठवडा जाईल. उत्तर असं द्या: "हललं तर त्याच दिवशी संध्याकाळी इथेच सांगीन, आणि त्यांचा माणूस २४ ला येतोय." व्हिजिट बुक झाली नसेल तर हे वाक्य बोलू नका.